किल्लीचं वजन

*“टाळेबंदीवर एक गीत लिहिलं आहे. मुखडा असा:*

*ओसाड जाहले रस्ते, थबकले जग सारे*
*बाल्कनीत उभे आम्ही, मोजीत राहिलो तारे*

*पुढे पाच अंतरे आहेत: रिकामे रस्ते, मोठ्यानं गाणारे पक्षी, बाल्कनीतल्या टाळ्या, दवाखाने आणि शेवटी आशा. चाल लावणारा मित्र म्हणतो, ‘हे बातमीपत्र झालंय, आणि ओळी ठेक्यात बसत नाहीत.’ मला दोन्ही पटत नाही, पण काय बदलू ते सांगा.*

*ता. क. एक ओळ शब्दकोड्याबद्दल आहे, ती काढू का? तळमजल्यावरच्या काकांना मी दोन मजले वरून रोज संध्याकाळी दोरीला बांधून शब्दकोडं सोडायची. आडवे शब्द मी भरायचे, उभे ते. दोरीला हात-हातभर अंतरावर गाठी मारल्या होत्या. कागद उडू नये म्हणून चिमट्याला स्कूटरची किल्ली अडकवायची, नाहीतरी ती पडूनच होती. टाळेबंदी उठली, स्कूटर सुरू झाली, कोडं थांबलं. आता आम्ही जिन्यात भेटतो, हसतो आणि आपापल्या वाटेनं जातो.”*

ती एक ओळ ठेवा, बाकी पाचही अंतरे काढा. तुमचं गीत ताज्या कलमात आहे. वर जे पाच अंतरे लिहिलेत ते त्या गीतापर्यंत पोचण्यासाठी केलेली खर्डेघाशी होती. ती वाया गेली नाही, पण ती ऐकवायची नसते.

मित्राच्या ‘बातमीपत्र’ या शब्दाचा राग येऊ देऊ नका, त्याला नेमकं काहीतरी खटकलंय. 2020 च्या वसंतात बाल्कनी ही जगभरची जागा झाली होती. इटलीत लोक सज्जांतून गात होते. ब्रिटनमध्ये 26 मार्चपासून दहा आठवडे दर गुरुवारी रात्री आठ वाजता टाळ्या वाजत होत्या. हे सगळ्यांनी पाहिलंय, निदान पडद्यावर तरी. त्यामुळे ‘टाळ्या’ हा शब्द गाण्यात आला की ऐकणारा आपल्या आठवणीतल्या टाळ्या वाजवून घेतो आणि तुमच्या गाण्यातून बाहेर पडतो. तुमचा अंतरा खोटा नाही, तो फक्त तुमचा नाही. एक सोपी पारख सांगते: प्रत्येक अंतऱ्याखाली अनोळखी माणसाची सही करून बघा. खपून गेली तर अंतरा काढा. तुमचे पाचही खपतात. शब्दकोड्याच्या ओळीखाली मात्र दुसऱ्या कुणाची सही चालत नाही.

पक्ष्यांच्या अंतऱ्यावर थोडं थांबते, कारण तिथे नुसती जुनी प्रतिमा नाही, माहितीचीही चूक आहे, आणि ती दुरुस्त करताना तुम्हाला हवं ते सापडतं. ‘उच्च स्वराने पक्षी गाऊ लागले’ असं पुष्कळांना वाटलं. पण सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या परिसरात डोक्यावर पांढरे पट्टे असणाऱ्या एका जातीच्या चिमण्यांची गाणी संशोधकांकडे आधीपासून ध्वनिमुद्रित होती. 2020 च्या वसंतात त्यांनी ती पुन्हा टिपली, तेव्हा चिमण्या पूर्वीपेक्षा हळू गात असल्याचं दिसलं. रहदारीचा गोंगाट इतका खाली आला होता की ओरडायची गरज उरली नव्हती, आणि हळू गाऊनही गाणं आधीपेक्षा लांबवर पोचत होतं. म्हणजे आवाज वाढला नव्हता, मधला अडसर गेला होता. गीतकारासाठी हा फरक फार मोठा आहे. रस्ता रिकामा होता हे सांगायला ‘ओसाड’, ‘सुनसान’, ‘निर्मनुष्य’ यांपैकी काहीच लागत नाही. एरवी कुणाला ऐकू गेला नसता असा एखादा बारीक आवाज ऐकू आला, एवढं सांगितलं की रस्ता आपोआप रिकामा होतो.

तो आवाज तुमच्याकडे आहे. किल्ली.

स्कूटरची किल्ली दोरीच्या टोकाला लोंबकळत खाली जाते आणि तळमजल्याच्या कठड्यावर आपटते. ती तिथे असण्याचं कारण एवढंच की स्कूटर कुठेच जात नव्हती. एरवी पर्समध्ये, खिशात, दाराजवळच्या खिळ्यावर असणारी वस्तू नुसतं वजन होऊन बसली. बाहेर जाता येत नव्हतं, दिवस थांबले होते, भीती होती, हे तुम्ही पाच अंतऱ्यांत सांगायला निघाला होतात. ते या एका वस्तूत आहे, आणि तिथे ते सांगावं लागत नाही. तुम्ही ‘नाहीतरी ती पडूनच होती’ असं ओघात लिहून गेलात. पत्रातलं सगळ्यात चांगलं वाक्य ते आहे.

आता ठेक्याकडे. मित्र बहुधा केरव्यात किंवा भजनी ठेक्यात चाल बांधत असेल. दोन्ही आठ मात्रांचे. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन, आणि जोडाक्षराचा आघात ज्यावर येतो त्या ऱ्हस्वाच्याही दोन. तुमचा मुखडा मोजून बघू. ‘ओसाड जाहले रस्ते’ 14, ‘थबकले जग सारे’ 11. खालच्या ओळीत ‘बाल्कनीत उभे आम्ही’ 13, ‘मोजीत राहिलो तारे’ 14. वरची ओळ 25, खालची 27, आणि मधला विसावा दोन्हींत वेगळ्या जागी. वाचताना हे कळत नाही, कारण वाचणारा श्वासाने सांभाळून घेतो. गाणाऱ्याला तशी मुभा नसते, सम ठरलेल्या जागी येते म्हणजे येते. मग तो ‘जग’मधला ‘ज’ ताणतो, ‘राहिलो’ गिळतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की चालच वाईट आहे.

घरी तपासायची रीत अशी. ओळ गाऊ नका, नुसती म्हणा, आणि दर चार मात्रांनी मांडीवर एक टाळी द्या. टाळी शब्दाच्या मधोमध पडली तर एखाद्या वेळी चालतं. पण टाळी गाठण्यासाठी दीर्घ अक्षर आखडावं लागलं तर शब्दच बदलायला हवा. ऱ्हस्व अक्षर सुरावर थोडं लांबवता येतं, दीर्घ तोकडं केलं की लगेच कानाला टोचतं.

सोळा मात्रांची ओळ घ्या, आठ आणि आठ. पादाकुलक या मात्रावृत्ताची हीच चाल आहे, मराठी कानाला ती इतकी सरावाची आहे की चाल लावणाऱ्याला झगडावं लागत नाही. शिवाय दोरी सोडताना हात एकाआड एक पुढे येतात, एक गाठ, दुसरी गाठ. चार-चार मात्रांचे तुकडे त्या हालचालीशी जुळतात. तुमच्याच ऐवजातून मी मुखडा बांधून पाहिला:

हळूच दोरी सोडत खाली
अर्धे कोडे धाडत होते
उभे तुम्हाला, मला आडवे
मधले कोरे राहत होते

पहिल्या ओळीत हळूच, दोरी, सोडत, खाली, प्रत्येक शब्द चार मात्रांचा, टाळी बरोबर शब्दाच्या तोंडाशी. सगळ्याच ओळी इतक्या चापूनचोपून बसवू नका, गाणं कवायतीसारखं होईल. म्हणून तिसऱ्या ओळीत तीन-पाच, तीन-पाच अशी विभागणी आली आहे. इथे ‘तुम्हाला’ मोजताना अडखळू नका. ‘म्ह’ जोडाक्षर दिसत असलं तरी ‘तु’वर आघात येत नाही, म्हणून त्याची एकच मात्रा. पुढे अंतऱ्यात येणाऱ्या ‘जिन्याच्या’मधल्या ‘जि’चंही तेच. डोळ्यांनी मोजलं तर इथे हमखास चूक होते, तोंडाने म्हणून मोजलं तर होत नाही.

या मुखड्यात टाळेबंदी शब्द नाही, बाल्कनीही नाही, आणि ते मुद्दाम आहे. मुखडा तीन-चार वेळा परतून येणार. त्यात बातमी घातली तर बातमी तीन-चार वेळा ऐकावी लागेल. रोज संध्याकाळी परत येणारी गोष्ट होती कोड्याची, तर परत येणाऱ्या ओळींची जागाही तिचीच. रोजचा नेम ध्रुवपदात, आणि त्या त्या दिवशी वेगळं काय घडलं ते अंतऱ्यात. म्हणजे ध्रुवपद शब्दाला शब्द तेच राहूनही प्रत्येक वेळी वेगळं ऐकू येईल. तुमच्या मसुद्यात नेमकं उलटं झालं होतं: जगाची बातमी ध्रुवपदात, आणि नेम कुठल्याशा अंतऱ्यात एका ओळीपुरता.

मग ऐकणाऱ्याला हे टाळेबंदीतलं आहे हे कळायचं कसं? पहिल्या अंतऱ्यात, एका साध्या प्रश्नातून. एकाच इमारतीत राहणारी दोन माणसं कागदाची देवघेव दोरीने का करतात? जिना असताना?

मधे जिन्याच्या तीस पायऱ्या
कुणी न त्यांवर पाय ठेवला
दोरीवरच्या गाठी मोजत
दिवस आपला खाली गेला

तीस हा आकडा माझ्या अंदाजाचा. खऱ्या पायऱ्या मोजून घाला, पण आकडा तीन मात्रांचा हवा. ‘वीस’ चालेल, ‘चाळीस’ पाच मात्रांचा होतो आणि ओळ मोडतो. (अठ्ठावीस निघाल्या तर तीसच लिहा. गाण्याला एवढी सूट असते.) इथे रिकाम्या रस्त्याआधी रिकामा जिना आला हे पाहा. रस्ते ओस पडलेले सगळ्यांनी पाहिले, पण पायाखालचा जिना परका होणं घरात बसलेल्यालाच कळलं. रस्ता त्यानंतर येतो, आणि तो किल्लीतून येतो:

किल्ली वाजे कठड्यावरती
रस्ता सारा ऐके तेही

या दोन ओळी दुसऱ्या अंतऱ्याच्या आरंभाला ठेवा, पुढच्या दोन तुम्ही लिहा. लिहिण्याआधी मात्र कागदावर गद्यात उतरवून काढा की त्या वेळी नेमकं काय काय होत होतं. काकांना कागद पोचला हे तुम्हाला कसं कळायचं? दोरीला हिसका यायचा का, एक की दोन? ते पेन्सिलीने भरायचे की शाईने? खोडून पुन्हा लिहिलेला एखादा शब्द आठवतो? वारा असला की कागद भोवऱ्यासारखा फिरायचा, तेव्हा दोरीचा पीळ सोडवत बसायचात की तसाच वर ओढायचात? कोडं अडलं म्हणजे वरून खाली विचारायचात, की विचारायचं नाही असा अलिखित करार होता? मला यातलं एकही उत्तर ठाऊक नाही, आणि मी कल्पनेने दिलं तर ते खोटं वाजेल. यातला एखादाच तपशील गाण्यात येईल. पण दहा उतरवल्याशिवाय तो एक कोणता ते कळत नाही.

‘तुम्हाला’बद्दल एक सांगायचं राहिलं. चाल लावताना मित्र म्हणेल की ‘तुला’ गायला सोपं आहे, करून टाकू. करू देऊ नका. बाल्कनी, संध्याकाळ, दोरीने धाडलेला कागद आणि त्यात ‘तू’ आला की पहिल्या ओळीतच प्रेमगीत सुरू होतं, आणि मग ऐकणारा शेवटपर्यंत काकांच्या जागी भलताच कुणीतरी उभा करतो. ‘तुम्ही’मध्ये जे अंतर आहे तेच या गाण्याचं अंतर आहे: ओळख आहे, आदर आहे, सलगी नाही. रोज देवघेव असूनही एकमेकांच्या घरात कधी पाऊल पडलं नव्हतं अशा नात्यावर मराठीत गाणी फार नाहीत. तुम्हाला ती जागा फुकट मिळते आहे.

चाल फार दुःखी लावली तर मित्राला हटका. विलंबित लयीत, कोमल स्वरांवर, मागे व्हायोलिन असं काही केलं की ऐकणारे पहिल्या अंतऱ्यातच ठरवतील की काका वारले. काका व्यवस्थित आहेत, जिन्यात भेटतात. दुसऱ्या कुणाचा सल्ला असेल की शेवटी त्यांना मारा, गाणं उंचीवर जाईल. अजिबात नको. त्या दोन वर्षांत ज्यांची माणसं खरोखर गेली त्यांच्यासमोर असलं उसनं मरण उघडं पडतं, आणि तुमच्याकडे जे खरं आहे ते त्याच्याखाली दबून जातं. लय मध्य ठेवा, हात दोरी सोडतात त्या वेगाची.

तुमच्या ताज्या कलमात शेवटची तीन वाक्यं आहेत: टाळेबंदी उठली, स्कूटर सुरू झाली, कोडं थांबलं. तुम्ही ती एकापाठोपाठ एक लिहिलीत, जणू तीन वेगळ्या बातम्या. ती एकच गोष्ट आहे. स्कूटर सुरू झाली म्हणून किल्ली दोरीवरून निघाली, किल्ली निघाली म्हणून दोरीला वजन उरलं नाही. भेटायची बंदी होती तोवर रोज भेट होत होती, बंदी उठली आणि भेट जिन्यातल्या हसण्यावर आली. यात कुणाचा दोष नाही, कुणी भांडलं नाही, आणि म्हणूनच यावर ‘आशा’ नावाचा अंतरा चढवता येत नाही. तुमचा पाचवा अंतरा म्हणतो की उद्याचा सूर्य नवा असेल. हे गीत सांगतंय की उद्या उजाडला, सगळं पूर्ववत झालं, आणि त्या पूर्ववत होण्यातच एक गोष्ट संपली. तेवढंच सांगा. टाळेबंदी बरी होती असा सूर मात्र चुकूनही येऊ देऊ नका. ती बरी नव्हती. तुम्हाला आठवतंय ते कोडं आहे, बंदी नाही. शेवटच्या अंतऱ्यात ‘तेव्हा’, ‘ते दिवस’, ‘पुन्हा यावे’ यांपैकी काही लिहिलं गेलं तर समजा की पाय घसरला, आणि ती ओळ खोडा.

सुरुवात हवी असेल तर ही घ्या, मोजून सोळा:

किल्ली आता फिरते आहे

पुढच्या तीन ओळी माझ्याकडून मागू नका. त्यानंतर ध्रुवपद शेवटचं घ्याल तेव्हा चारही ओळी पुऱ्या म्हणायच्या की ‘उभे तुम्हाला, मला आडवे’वर थांबायचं, हे मित्रासोबत बसून दोन्ही तऱ्हांनी गाऊन ठरवा. अर्ध्यावर थांबल्यास चौथ्या ओळीची जागा वाद्यांना द्यावी लागेल, सोळा मात्रा पूर्ण, नाहीतर गाणं संपलं की अडखळलं हेच कळणार नाही. मला स्वतःला अर्ध्यावर थांबणं आवडेल. पण ते सभागृहात जमतं, मोबाइलवर ऐकणाऱ्याला वाटतं की फाइल तुटली.

आणि ध्वनिमुद्रणाआधी काकांना ऐकवा. परवानगीचा भाग आहेच, कारण इमारतीतले लोक त्यांना ओळखणार. दुसरं कारण कामाचं आहे: तुम्ही फक्त दोरीच्या वरच्या टोकाला होतात. खालच्या टोकाला किल्ली आपटायची तेव्हा ते काय करत असायचे, आधीच कठड्याशी येऊन उभे असायचे की आवाजावर बाहेर यायचे, हे त्यांनाच माहीत. दुसऱ्या अंतऱ्याच्या दोन ओळी अजून रिकाम्या आहेत, त्या तिथून मिळतात का पाहा.